कोंबडी पाठीतून उघडा

अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजायला घेतली की एक पेच हमखास समोर येतो. मांडीच्या सांध्यापाशी मांस अजून कच्चं असतं आणि वर छाती मात्र शिजून पुढे गेलेली असते. मांडीसाठी थांबावं तर छातीचा भुसा होतो. छाती वाचवायला लवकर बाहेर काढावी, तर पहिली तंगडी मोडणाऱ्याच्या पानात हाडाजवळचं रबरासारखं मांस येतं. खालच्या बाजूची कातडी तर दोन्ही वेळा पांढरट आणि लिबलिबीतच राहते. मी कितीतरी वर्षं तापमान दहा-वीस अंशांनी खालीवर करून पाहिलं, मध्येच कोंबडी उलटून पाहिली, छातीवर फॉइल टाकून पाहिलं. थोडाफार फरक पडायचा, पण पेच सुटायचा नाही. तो सुटला तो कोंबडीचा आकार बदलल्यावर.

उपाय सोपा आहे. कोंबडीचा पाठीचा कणा कात्रीने कापून काढायचा, कोंबडी पुस्तकासारखी उघडायची, छातीच्या हाडावर तळहाताने दाब देऊन ती चपटी करायची आणि कातडीची बाजू वर ठेवून कडक आचेवर भाजायची. इंग्रजीत याला स्पॅचकॉक म्हणतात. हा शब्द आयर्लंडकडचा. फ्रान्सिस ग्रोझच्या १७८५ सालच्या बोलीभाषेच्या कोशात त्याची नोंद आहे: अचानक पाहुणा आला की खुराड्यातली कोंबडी मारायची, चिरून उघडायची आणि लगेच निखाऱ्यांवर भाजायची, असा तो आयरिश पदार्थ. जॉर्जियात हीच युक्ती तव्यावर करतात. उघडलेली कोंबडी जाड तव्यात घालून वर वजन ठेवतात. तिला तबाका म्हणतात. घाई हे या पद्धतीचं मूळ कारण असेल, पण आज ती वापरण्याचं माझं कारण वेगळं आहे. वेळ वाचतो तो वरकमाई. खरा फायदा हा, की छाती आणि तंगडी दोन्ही एकाच वेळी बरोबर शिजतात.

हे का होतं ते समजलं की बाकीच्या सूचना पाठ करायची गरज उरत नाही.

कोंबडीत दोन स्वभावांचं मांस असतं. छातीचे स्नायू फिकट असतात, त्यांत चरबी कमी आणि स्नायू बांधून ठेवणारे चिवट पडदेही कमी. ते ६५ अंशांच्या आसपास शिजलेले असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला स्नायूंचे धागे आक्रसत जातात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. ७५च्या पुढे गेलेली छाती कितीही रस्सा ओतला तरी कोरडीच लागते. तंगडी आणि मांडी चालण्याचे स्नायू. ते गडद असतात, त्यांत चरबी जास्त आणि कोलॅजन नावाचा चिवट पदार्थ भरपूर. हे कोलॅजन ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं आणि तेव्हाच तंगडीला तो मऊ, किंचित चिकटसर रसाळपणा येतो. म्हणजे छातीला ७० अंश पुरे आणि तंगडीला मात्र ७७ ते ८० हवेत. एकाच पक्ष्याला, एकाच ओव्हनमध्ये, एकाच क्षणी.

आता अख्खी कोंबडी ताटात ठेवलेली डोळ्यांसमोर आणा. छाती घुमटासारखी वर आलेली, वरच्या सळईच्या सर्वांत जवळ. मांड्या खाली अंगाला चिकटलेल्या. त्यांच्या आतल्या बाजूला गरम हवा पोचतच नाही. मध्ये पोकळी, त्यात गार आणि दमट हवा कोंडलेली. पाठ आणि मांडीचा खालचा भाग स्वतःच्याच सुटलेल्या रसात बसलेला, आणि पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही. जिला कमी उष्णता हवी तिला जास्त मिळते आणि जिला जास्त हवी ती उपाशी राहते.

कोंबडी चपटी केली की हे सगळं उलटं होतं. छाती मधोमध येते आणि सर्वांत जाड भाग तीच असते, म्हणून ती सावकाश तापते. तंगड्या दोन्ही बाजूंना पसरून कडेला जातात. त्या पातळ असतात आणि त्यांना चहूबाजूंनी गरम हवा लागते. त्यामुळे तंगडी छातीच्या आठ-दहा अंश पुढे धावते, आणि आपल्याला हवा असतो तेवढाच हा फरक असतो. वेळही निम्म्यावर येतो, कारण मांसाच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला लागणारा वेळ जाडीच्या मानाने फार झपाट्याने वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ साधारण चौपट होतो. पोकळी गेली, जाडी कमी झाली, की घड्याळही धावतं. शिवाय सगळीच्या सगळी कातडी वर येते. रसात बसून भिजणारी बाजूच उरत नाही.

सुरुवात मात्र दुकानातून होते, आणि आपल्याकडे खरी अडचण तिथेच आहे. आपले बहुतेक चिकनवाले पिसं उपटत बसत नाहीत. पिसांसकट कातडी ओढून काढतात, ते पटकन होतं आणि गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं. रस्सा करायचा तर त्यात काही वावगं नाही. पण या पदार्थाचा निम्मा जीव कातडीत आहे. म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं: अख्खी, कातडीसकट, पोट साफ करून, तुकडे न करता. पिसं काढायचं मशीन असलेल्या दुकानात कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं काढतात, तिथे हे सहज मिळतं. मोठ्या दुकानांतून कातडीसकट अख्खी कोंबडी थंड केलेलीही मिळते. साफ केल्यावर १ किलो २०० ते १ किलो ४०० ग्रॅम भरेल अशी घ्यावी. त्याहून मोठी कोंबडी चपटी केल्यावर घरच्या ओटीजीत मावत नाही.

ब्रॉयलरच घ्यावी. गावठी कोंबडीवर माझं प्रेम आहे, पण तिची जागा रश्श्यात. ती महिनोन्‌महिने हिंडलेली असते, तिच्या तंगडीतलं कोलॅजन पिकलेलं असतं आणि ते चाळीस मिनिटांच्या कोरड्या आचेला दाद देत नाही. कडकनाथचंही तेच.

नुकतीच मारलेली कोंबडी लगेच भाजू नये, हेही इथेच सांगते. मारल्यावर काही तास स्नायू ताठ राहतात आणि त्या अवस्थेत शिजवलेलं मांस चामट होतं. रात्रभर फ्रिजमध्ये राहिली की हा ताठरपणा उतरतो. सुदैवाने मीठ लावून ठेवायलाही तेवढाच वेळ हवा असतो.

आता कापणं. कोंबडी छाती खाली, पाठ वर अशी पाटावर ठेवा, शेपटीचं टोक आपल्याकडे. मजबूत किचन कात्री घ्या आणि शेपटीच्या एका बाजूने, कण्याला अगदी लागून, मानेपर्यंत कापत जा. पहिले दोन इंच मऊ जातात, मग मांडीचा सांधा आडवा येतो. तिथे जोर करायच्या ऐवजी कात्री किंचित आत, कण्याकडे घ्यायची, म्हणजे सांध्याच्या बाजूने वाट मिळते. पुढे बरगड्या, त्या कटकट आवाज करत सहज तुटतात. हेच दुसऱ्या बाजूनेही केलं की तीन-चार सेंटिमीटर रुंदीची पट्टी सुटून हातात येते. ती टाकू नका. कात्री नसेल किंवा धीर होत नसेल, तर चिकनवाल्याला ‘फक्त पाठ काढून द्या, बाकी हात लावू नका’ असं सांगावं. त्याचं ते अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

कोंबडी उघडली की आतल्या बाजूने छातीच्या मधोमध एक पांढरं, कूर्चेचं टोक दिसतं. त्यावर सुरीने अर्ध्या सेंटिमीटरची खाच द्यायची. मग कोंबडी उलटी करून, कातडी वर, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून छातीच्या मध्यावर शरीराचं वजन टाकायचं. कडकन आवाज येतो आणि कोंबडी सपाट बसते. हा आवाज आला नाही तर छाती पुन्हा कमानीसारखी उठते आणि वरच्या सळईला तेवढीच जागा लागून करपते. तंगड्या गुडघे आत येतील अशा वळवायच्या आणि पंखांची टोकं छातीच्या मागे खोचायची, कारण ती सर्वांत आधी जळतात.

यापुढचं सगळं काम कातडीचं. कातडीत निम्म्याच्या आसपास पाणी असतं, बाकी चरबी आणि कोलॅजन. कातडी कुरकुरीत व्हायला तीन गोष्टी घडाव्या लागतात: पाणी उडायला हवं, चरबी वितळून वाहून जायला हवी आणि उरलेली पातळ जाळी तांबूस भाजली जायला हवी. यांत क्रम ठरलेला आहे. कातडीत पाणी आहे तोवर तिचं तापमान १०० अंशांवर अडकून राहतं, आणि तांबूस रंग येण्याची क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. म्हणजे ओव्हनमध्ये गेलेली ओली कातडी आधी पाणी उडवण्यातच वेळ घालवते. आपण भट्टी कितीही तापवली तरी ती तिथे उकडत असते, भाजत नसते. हे पाणी आदल्या दिवशीच काढून टाकायचं.

त्यासाठी कोंबडी कागदी रुमालाने आतून-बाहेरून टिपून कोरडी करायची. ती नळाखाली धुण्याची सवय सोडलेली बरी, कारण धुताना उडणारे थेंब कच्च्या मांसावरचे जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर पसरवतात, आणि ते मारायला ओव्हन आहेच. टिपून झाल्यावर मीठ. पाठ काढून १ किलो २०० ग्रॅम उरली असेल तर १५ ग्रॅम, म्हणजे साधं बारीक मीठ सपाट अडीच छोटे चमचे. त्यातलं थोडं आतल्या बाजूला, बाकीचं कातडीवर आणि कातडीखाली. मानेकडून दोन बोटं छातीच्या कातडीखाली अलगद सरकवली की ती सुटते. मांडीपर्यंत बोटं नेता येतात, फक्त नखांनी फाडू नये. अशी सुटलेली कातडी मांसाला चिकटून राहत नाही, तिच्याखालून वाफ आणि चरबी निसटायला वाट मिळते.

मग जाळीवर ठेवून, खाली ताट घेऊन, झाकण न लावता फ्रिजमध्ये रात्रभर. सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावी, म्हणजे तिचा थेंब दुसऱ्या कुठल्या अन्नात पडणार नाही. मीठ सुरुवातीला पाणी बाहेर ओढतं, तासाभरात कोंबडी घामेजलेली दिसते. पुढे तेच खारट पाणी मांसात परत शिरतं. फ्रिजची कोरडी गार हवा कातडी सुकवते. सकाळपर्यंत ती ताणलेल्या कागदासारखी, किंचित पारदर्शक दिसायला हवी आणि बोट लावलं तर चिकटता कामा नये. पंखा नसलेल्या जुन्या धाटणीच्या एका दाराच्या फ्रिजमध्ये हवा दमट असते, तिथे तेवढी सुकत नाही; मग ओव्हनमध्ये घालण्याआधी पुन्हा एकदा टिपून घ्यावी.

मराठी स्वयंपाकघरात इथे हात शिवशिवतो, हे मला माहीत आहे. दही, आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचं वाटण लावल्याशिवाय कोंबडीला चव कशी येणार? पण दह्यात बुडवलेली कातडी म्हणजे पाणी परत आणून ठेवणं, आणि वर लावलेला लसूण २२० अंशांवर दहा-पंधरा मिनिटांत करपून कडू होतो. तंदूरवाले दही लावतात कारण त्यांनी कातडी काढलेली असते, तंगड्यांना खोल चिरा दिलेल्या असतात आणि त्यांची भट्टी आपल्या ओव्हनच्या कितीतरी पुढे तापलेली असते. त्यांनी हाच पेच वेगळ्या वाटेने सोडवला आहे. आपण मसाला कातडीच्या खाली घालावा. दोन चमचे लोण्यात ठेचलेला लसूण, मिरपूड आणि थोडी कोथिंबीर मिसळून ती बोटांनी छाती-मांडीवर पसरवायची. वर फक्त तेलाचा हात आणि वाटलं तर चिमूटभर हळद-तिखट.

आता ओव्हन. माझा ३५ लिटरचा साधा ओटीजी आहे, वर-खाली सळया आणि आत पंखा. आकडे त्याचेच सांगते, म्हणजे ताडून पाहता येईल.

गेल्या महिन्यातली कोंबडी पाठ आणि मान काढल्यावर १ किलो २०० ग्रॅम भरली. ओव्हन २२० अंशांवर लावला, वर-खाली दोन्ही सळया चालू. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नाही. तेव्हा फक्त हवा तापलेली असते, भिंती नाहीत. मी पूर्ण वीस मिनिटं देते. आत ओव्हनचा छोटा थर्मामीटर लटकवलेला आहे, आणि तो नेहमी बटणावरच्या आकड्यापेक्षा पंधरा अंश कमी दाखवतो, म्हणून बटण २३५वर. ताटात बटाट्याच्या बोटभर जाड चकत्या एका थरात अंथरल्या, वर जाळी, जाळीवर कोंबडी. तंगड्या आतल्या बाजूला, छाती दाराकडे, कारण काचेच्या दारापाशी ओव्हन नेहमी थोडा गार असतो. कोंबडीच्या कडा आणि भिंत यांत दोन बोटांची फट राहील असं पाहिलं. ती फट नसेल तर हवा फिरत नाही आणि पुन्हा उकडणंच होतं.

कोंबडी थेट फ्रिजमधून आत गेली, गाभ्यात ६ अंश. वीस मिनिटांनी छातीच्या सर्वांत जाड जागी ३८ आणि मांडीत सांध्याजवळ ४६. कातडी अजून फिकट होती, पण जागोजागी बुडबुडे उठून चरबी चुरचुरत होती. तिसाव्या मिनिटाला छाती ५७, मांडी ६६, रंग सोनेरी. अडतिसाव्या मिनिटाला छाती ६९, मांडी ७७. बाहेर काढली. पाटावर दहा मिनिटं ठेवली तेवढ्यात छाती आपोआप ७३वर गेली आणि मांडी ८०वर. हेच वजन मी पूर्वी १९० अंशांवर अख्खं भाजलं होतं, तेव्हा ऐंशी मिनिटं लागली होती आणि मांडी ७४वर आली तेव्हा छाती ८१वर पोचली होती.

हे ६९ आणि ७३ मी मनाने ठरवलेले नाहीत. अमेरिकेचं कृषी खातं कोंबडीसाठी ७४ अंश सांगतं. त्या तापमानाला घातक जंतू जवळजवळ क्षणात मरतात. ब्रिटनची अन्नसंस्था गाभा ७० अंशांवर दोन मिनिटं राहिला पाहिजे असं सांगते. दोन्हींचा अर्थ एकच: तापमान थोडं कमी असलं तर वेळ थोडा जास्त द्यायचा. ६९ला काढलेली छाती निवताना ७०च्या वर दोन मिनिटांहून बराच जास्त वेळ राहते. मात्र हा हिशेब सुईच्या थर्मामीटरशिवाय करता येत नाही. पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारी ही वस्तू घ्यावी असा माझा आग्रह आहे. सुई छातीत बाजूने, आडवी खुपसायची आणि हाडाला लागू द्यायची नाही; हाडाला टेकली तर चुकीचा आकडा दाखवते. दोन-तीन जागी पाहून सर्वांत कमी आकडा खरा मानायचा.

रंगावर विसंबून मात्र फसायला होतं. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचीच असते, तिची हाडं पुरती घट्ट झालेली नसतात, आणि शिजताना हाडातला लाल रंग बाहेर झिरपतो. मांडीचं हाड मोडलं की त्याभोवती तांबडं-काळपट दिसतं आणि घरातलं कोणी तरी ‘कच्चं आहे’ म्हणून ताट सरकवतं. मांस ७७ला पोचलेलं असेल तर ते शिजलेलंच आहे. थर्मामीटर नसलाच तर तंगडी हाताने हलवून पाहावी: सांधा सैल फिरला, आणि मांडीच्या जाड भागात टोचल्यावर आलेला रस पारदर्शक असला, तर बहुधा झालं आहे. शंका असेल तर आणखी पाच मिनिटं द्यावीत. छाती थोडी कोरडी झालेली परवडते.

तापमान २२०च का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. १८०वर चपटी कोंबडी छान समान शिजते, पण ती शिजून होते तरी कातडीची चरबी उतरलेली नसते. बाहेर काढावी तर कातडी चिवट, ठेवावी तर छाती जाते. २५०वर उलट होतं. कातडीवर काळे डाग पडतात, ताटात पडलेली चरबी धूर करते आणि छातीचा वरचा थर कोरडा पडतो, आत मात्र अजून कच्चं. २२० हा दोन घड्याळं जुळण्याचा बिंदू आहे: चाळीस मिनिटांत मांस शिजतं आणि चाळीस मिनिटांतच कातडी भाजून होते. पंखा चालू असेल तर २०५ ते २१० पुरे. १ किलोच्या आतली कोंबडी असेल तर २३०वर अर्ध्या तासात होते, आणि दीड किलोच्या पुढची असेल तर २१०वर पन्नास मिनिटं धरावीत. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हवाल्यांनी आधी आपल्या यंत्राची कमाल मर्यादा पाहावी. काहींची २००लाच संपते; तिथे कातडी ठीकठाक होईल, काचेसारखी तडकणार नाही. आणि फिरत्या काचेवर चपटी कोंबडी अडकत तर नाही ना, हे गार असतानाच फिरवून बघावं.

धुराची भीती पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटते. रिकाम्या ताटावर पडलेली चरबी या तापमानाला जळतेच. बटाट्याच्या चकत्या ती शोषून घेतात, स्वतःही भाजून निघतात आणि स्वयंपाकघर धुराने भरत नाही. ताटात पाणी ओतण्याचा सल्लाही दिला जातो. तो मी मानत नाही. आदल्या रात्रभर काढलेलं पाणी वाफ होऊन कातडीवर परत येतं. याच कारणासाठी भाजताना दार सारखं उघडू नये. मध्ये मध्ये रस ओतण्याचीही गरज नाही. त्याने कातडी भिजते आणि ओव्हन गार होतो.

एवढं करूनही कातडी फिकट राहिलीच, तर बहुतेक वेळा कारण ओलेपणा किंवा खोटं बोलणारं बटण असतं. पुढच्या वेळी मिठात पाच ग्रॅम बेकिंग पावडर मिसळून पाहावी. तिने कातडीचा आम्लपणा कमी होतो आणि रंग लवकर येतो. बेकिंग सोडा वापरू नये, त्याची साबणासारखी चव राहते. छातीचा एकच उंचवटा काळा झाला असेल तर हाड नीट मोडलं नव्हतं, किंवा जाळी वरच्या सळईच्या फार जवळ होती. माझ्या ओव्हनमध्ये जाळी मधल्या खाचेत बसते आणि कोंबडीच्या वर चार-पाच इंच जागा राहते.

बाहेर काढल्यावर फॉइलने झाकू नका. दहा मिनिटांत कोंबडी गार होत नाही, पण फॉइलखाली कोंडलेली वाफ कातडी पुन्हा मऊ करते. त्या दहा मिनिटांत बटाटे परत ओव्हनमध्ये ढकलून कडा तांबूस करून घ्याव्यात. कापायलाही ही कोंबडी अख्खीपेक्षा सोपी: तंगडी आणि छाती यांच्यामधली कातडी कापली की तंगड्या सुटून येतात, मग छाती मधोमध उभी चिरायची, आणि प्रत्येक अर्धाचे आडवे दोन तुकडे. कातडी वरच ठेवून, जड सुरी एकदाच खाली दाबून कापायचं. घासून कापलं तर कातडी निसटते.

राहिला तो पाठीचा कणा आणि मान. माझ्या त्या कोंबडीची ही जोडी १५० ग्रॅम भरली होती. त्याचे चार तुकडे, अर्धा कांदा, आल्याचा तुकडा, लसणाच्या चार पाकळ्या, दोन मिरं, चिमूटभर हळद आणि एक लिटर पाणी, कुकरला मंद आचेवर अर्धा तास. कोल्हापूरकडे ज्याला अळणी म्हणतात, त्याच्या जवळपास जाणारं हे पाणी गाळून, मीठ घालून, जेवणाआधी वाटीवाटी द्यावं. ओव्हन तापायला ठेवताना कुकर लावला, तर कोंबडी पाटावर येईपर्यंत ते तयार असतं.